चकतीच्या कव्हरावरचा पत्ता

माझी मावशी बारा वर्षांची असताना पंचवटीत एका मराठी चित्रपटाचं चित्रीकरण झालं. घाटावर यात्रेचा देखावा हवा होता, म्हणून आसपासच्या वाड्यांमधली बायकापोरं गोळा केली गेली आणि त्या गर्दीत परकर-पोलकं घातलेली मावशीही होती. पुढे चित्रपट नाशकात लागला तेव्हा तिला गोवर आला होता. तिची भावंडं जाऊन बघून आली, ती घरीच राहिली. आज ती 74 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिने मला सहज विचारलं, "अगं, तुमच्या त्या मोबाइलवर सगळं मिळतं ना? मग आमचा घाटावरचा पिक्चर लावून दे की."

तो लावून द्यायला मला सात महिने लागले. चित्रपटाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण शोधात भेटलेली माणसं खासगी आहेत आणि त्यांच्यातला मालकीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण शोध कसा गेला ते सविस्तर सांगते, कारण त्यातूनच माझं एक ठाम मत बनलं आहे. जुना चित्रपट रीतसर बघायला मिळत नाही यासाठी आपण बाजाराला दोष देतो, प्रेक्षकांच्या आवडीला दोष देतो. माझ्या अनुभवात खरी अडचण त्याच्याही अलीकडे होती: हा चित्रपट कुणाचा आहे हे सांगणारी एकही सार्वजनिक नोंद नव्हती. ती ठेवणं हे सरकारचं काम आहे, आणि एका छोट्याशा माध्यमापुरतं ते काम आपल्या कायद्याने 1984 मध्येच सांगून ठेवलं आहे.

सुरुवात सगळेच करतात तशी केली. कोणता चित्रपट कोणत्या सेवेवर आहे हे सांगणारी जस्टवॉचसारखी सूची असते, तिथे काही सापडलं नाही. तिथे काही न सापडणं म्हणजे चित्रपट कुठेच नाही असं नव्हे. ती सूची ज्या सेवांवर लक्ष ठेवते, त्यांच्या यादीत त्या स्पेलिंगने तो नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठी नावांची रोमन स्पेलिंगं पाच-पाच प्रकारे होतात. 'ळ' आणि 'ल' एकाच अक्षराने लिहिले जातात, अनुस्वाराचा कधी एन होतो तर कधी एम, शेवटच्या 'आ'ला कुणी एक ए लावतं तर कुणी दोन. म्हणून नावाऐवजी दिग्दर्शक आणि नायिका यांच्या नावाने शोधावं, आणि वर्ष घालूच नये, कारण वर्ष बहुतेक ठिकाणी चुकलेलं असतं. वर्षाचं महत्त्व किती मोठं आहे ते पुढे येईलच.

त्यानंतर मराठीची स्वतःची दुकानं बघितली. अल्ट्रा झकास, शेमारू मराठीबाणा, यूट्यूबवरचे एव्हरेस्ट आणि राजश्री मराठीचे चॅनल, प्रसार भारतीचं वेव्हज. मोठ्या सेवांवर न सापडलेला जुना मराठी चित्रपट पुष्कळदा यांच्यापैकी एकीकडे मिळतो, तोही काही ठिकाणी फुकट, मध्ये जाहिराती सोसून. तुमचा शोध इथेच संपला तर तुम्ही नशीबवान. आमचा चित्रपट इथेही नव्हता.

होता तो यूट्यूबवर, कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात. चोरून चढवलेली प्रत ओळखायला फार कसब लागत नाही. चित्र चौकटीच्या आत लहान केलेलं असतं किंवा आरशासारखं उलटं फिरवलेलं असतं, म्हणजे यंत्राला ती पकडता येऊ नये. कोपऱ्यात एखाद्या टीव्ही वाहिनीचं चिन्ह पुसट केलेलं दिसतं. आवाज किंचित चढा किंवा उतरा असतो. एखादं गाणं मधूनच नाहीसं झालेलं असतं. पण सगळ्यात भरवशाची परीक्षा लांबीची. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं आणि त्यावर मीटरमध्ये लांबी लिहिलेली असते. 35 मिलिमीटरची फीत सेकंदाला 24 चौकटी या वेगाने मिनिटाला 90 फूट, म्हणजे साधारण 27.4 मीटर पळते. या प्रतीच्या पहिल्याच दृश्यात प्रमाणपत्र शाबूत होतं आणि त्यावर 3,657 मीटर लिहिलं होतं. भागाकार केला की 133 मिनिटं येतात. खात्यावरची प्रत होती 98 मिनिटांची. टीव्हीसाठी तयार केलेली फीत सेकंदाला 25 चौकटींनी चालते, त्यामुळे तोच चित्रपट चार टक्के आखूड होतो. म्हणजे 128 मिनिटं दिसली असती तर कात्री लागली नाही असं धरता आलं असतं. 98 मिनिटं म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त भाग गायब होता.

मावशीला मी ती प्रत दाखवली नाही. अनेक जण म्हणतील, दुसरं काही मिळत नसताना तीच दाखवायला काय हरकत होती? अशा प्रतींनी काही चित्रपट लोकांच्या आठवणीत तरी ठेवले, हे मला मान्य आहे. पण गायब झालेल्या त्या अर्ध्या तासात घाट असेल तर मावशीला मी काय सांगणार होते? आणि दुसरं असं की, ती प्रत पन्नास हजार लोकांनी बघितली तरी त्याचा पत्ता चित्रपटाच्या मालकाला लागत नाही. आपल्या चित्रपटाला अजून प्रेक्षक आहे हेच त्याला कधी कळत नाही, मग तो निगेटिव्ह शोधायच्या आणि स्वच्छ करायच्या खर्चात कशाला पडेल? चोरीची प्रत बघणारा माणूस प्रेक्षक असूनही मोजणीत नसतो.

तिसरा धागा जुन्या व्हीसीडीचा. 2000 च्या आसपास मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी ढिगाने निघाल्या होत्या, आणि त्यांतले कितीतरी चित्रपट नंतर कुठल्याच माध्यमात गेले नाहीत. गंगापूर रोडवरची एक व्हिडिओ लायब्ररी बंद पडताना तिचा माल एका ओळखीच्या गृहस्थांनी उचलला होता. त्यांच्या माळ्यावरच्या खोक्यात आमचा चित्रपट निघाला, दोन चकत्यांचा संच. व्हीसीडीवर साधारण 74 ते 80 मिनिटं मावतात, त्यामुळे पूर्ण लांबीच्या चित्रपटाला दोन चकत्या लागतातच. दोन चकत्या बघूनच मला आशा वाटली. अस्सल चकती घरी लावून बघण्यात बेकायदा काहीच नाही. ती भाड्याने देणं किंवा सभागृहात लावणं ही वेगळी गोष्ट, त्याला परवानगी लागते.

लॅपटॉपला आता चकतीचा कप्पाच नसतो, म्हणून यूएसबीचा ड्राइव्ह मागून आणला. व्हीसीडीत `MPEGAV` नावाचं फोल्डर असतं आणि त्यात `AVSEQ01.DAT` ही फाइल. ती व्हीएलसी या प्लेअरमध्ये सरळ चालते. पहिली चकती चालली. चित्र धुरकट, पण सलग. मावशी पाय वर घेऊन बसली आणि 66 मिनिटं एक शब्द बोलली नाही. घाट अजून यायचा होता. दुसरी चकती ड्राइव्हमध्ये नुसतीच गरगरत राहिली. उजेडात धरली तर तिच्या चंदेरी थराला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. असा थर गेला की काही करता येत नाही.

पण त्या खोक्याने मला चित्रपटाच्या निम्म्या भागापेक्षा मोठं काहीतरी दिलं. कव्हरच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत दोन पत्ते होते: चकती काढणाऱ्या कंपनीचा एक आणि चित्रपटाच्या हक्काच्या मालकाचा दुसरा. हे कुणाच्या हौसेने छापलेलं नव्हतं. प्रताधिकार कायद्यात 1984 मध्ये 52अ हे कलम आलं. व्हिडिओ फिल्म प्रकाशित करताना तिच्या कव्हरवर आणि ती दाखवताना पडद्यावर, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव-पत्ता, त्याने मालकाची परवानगी घेतल्याचं निवेदन आणि मूळ मालकाचं नाव-पत्ता दिलंच पाहिजे, असं ते सांगतं. व्हिडिओ कॅसेटच्या काळात चोरीला आळा घालायला केलेला हा नियम. त्याचा दुसरा उपयोग करणाऱ्यांच्या मनातही नसेल, पण तो झाला: जुन्या चकतीचं प्रत्येक अस्सल कव्हर हा मालकीच्या नोंदवहीचा एक सुटा कागद आहे. म्हणून माझं सांगणं आहे की, चकती खराब निघाली तरी कव्हर टाकू नका.

त्या पत्त्यावर, दादरला, मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं. 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन ते परत आलं. मग अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे विचारणा केली. मराठी चित्रपटांची नावं तिथे नोंदवली जातात आणि निर्माते सभासद असतात. महामंडळाचं कार्यालय कोल्हापूरला. त्या वाटेने, दोन-तीन माणसं मध्ये घालून, निर्मात्याच्या मुलाचा फोन नंबर मिळाला. वयस्कर, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी सांगितलं ते जुन्या मराठी चित्रपटांच्या बाबतीत नेहमी ऐकू येतं. "ताई, वडिलांनी निगेटिव्ह फायनान्सरकडे गहाण ठेवली होती. सुटली की नाही मला ठाऊक नाही. व्हिडिओचे हक्क दिले तेव्हा सही माझ्या थोरल्या भावाने केली, आता तो नाही. आमच्याकडे प्रिंट नाही, कागदही नाहीत. तुम्हाला दाखवायला माझी ना नाही, पण मी मालक आहे असं लिहून कसं देऊ?"

बड्या सेवांवर असे चित्रपट का नसतात, याचं उत्तर या पाच वाक्यांत आहे. कोणतीही मोठी सेवा चित्रपट घेताना निर्मात्यापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंतची कागदांची साखळी मागते. निर्मात्याने निगेटिव्ह गहाण टाकली, वितरकाला प्रदेशाप्रमाणे हक्क विकले, वारसांपैकी एकाने व्हिडिओचे दिले, दुसऱ्याने उपग्रह वाहिनीचे दिले, आणि इंटरनेट तर त्या कोणत्याच करारात नव्हतं. एक कडी जरी तुटली तरी सेवेचा वकील 'नको' म्हणतो, आणि त्याच्या जागी मीही तेच म्हणेन. ज्या चित्रपटातून वर्षाला थोडेसेच पैसे येणार, त्याच्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? प्रेक्षक नाहीत म्हणून चित्रपट मिळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: मागणी किती आहे हे बघण्याच्या पायरीपर्यंत हा चित्रपट कधी पोचलाच नाही.

कायद्यात अशा बेवारस कृतींसाठी वाट आहे. कलम 31अ. मालक सापडत नसेल तर कृती लोकांपर्यंत नेण्यासाठी सक्तीचा परवाना मागता येतो. त्यासाठी आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची आणि मग अर्ज करायचा. पूर्वी हे काम एका स्वतंत्र मंडळाकडे होतं, 2021 पासून ते वाणिज्य न्यायालयांकडे गेलं. एखाद्या कंपनीला हे झेपेल. भाचीने मावशीसाठी, किंवा नाशिकच्या एखाद्या फिल्म सोसायटीने एका खेळासाठी हे करावं, अशी अपेक्षाच धरता येत नाही.

इथे वर्ष उपयोगी पडलं. भारतात चित्रपटावरचा प्रताधिकार, तो ज्या वर्षी प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं चालतो. थिएटरात लोकांना दाखवला की प्रकाशित झाला. म्हणजे 1964 चा चित्रपट 31 डिसेंबर 2024 ला हक्कातून मोकळा झाला आणि 1965 चा 31 डिसेंबर 2025 ला. आमचा चित्रपट कधीचा? इंटरनेटवरच्या याद्या म्हणत होत्या 1965. प्रमाणपत्रावरची तारीख होती 1975 ची, आणि ती बघून मी सुरुवातीला पुरती गोंधळले. मग कळलं की जुन्या कायद्यात प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची होती. चित्रपट पुन्हा वितरणात आणायचा तर प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागे आणि नव्या प्रिंटला नवं प्रमाणपत्र जोडलं जाई. तेव्हा पडद्यावरचं प्रमाणपत्र लांबीसाठी विश्वासाचं, पण प्रदर्शनाच्या वर्षासाठी नव्हे. ही चूक मी अनेक याद्यांमध्ये बघितली आहे: चित्रपटाला त्याच्या दुसऱ्या जन्माचं वर्ष चिकटलेलं असतं.

वर्षाची खात्री नाशकातच झाली. मावशीला आठवत होतं की गोवर दिवाळीच्या सुट्टीत आला होता. 'गावकरी' हे नाशिकचं दैनिक, आणि याच 'गावकरी'चं 'रसरंग' हे सिनेमाचं साप्ताहिक कधीकाळी महाराष्ट्रभर वाचलं जायचं. म्हणजे सिनेमाच्या नोंदीच्या बाबतीत हे गाव मुळीच गरीब नाही. मी वर्तमानपत्राच्या जुन्या फायली काढून बसले. 1965 च्या दिवाळीत काही नाही. 1964 च्या नोव्हेंबरमध्ये, आतल्या पानावर, दोन बोटं रुंद जाहिरात: चित्रपटाचं नाव, टॉकीजचं नाव, 'रोज 3 खेळ' आणि खाली 'आठवडा दुसरा'. नाशकातलं प्रदर्शन हे पहिलं प्रदर्शन होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण त्याची गरजही नव्हती. नोव्हेंबर 1964 मध्ये इथे दुसरा आठवडा चालू असेल, तर प्रकाशन 1964 च्या नंतरचं असूच शकत नाही. ज्याची मालकी कुणालाच सांगता येत नव्हती, त्या चित्रपटावरचा मालकी हक्क संपून काही महिने झाले होते. आणि हे कुणालाही माहीत नव्हतं, निर्मात्याच्या मुलालाही नाही.

हक्क संपला म्हणजे सगळं मोकळं झालं असं मात्र समजू नका. चित्रपटाचा हक्क वेगळा आणि त्याच्यातली गीतं, संगीत, कथा यांचे हक्क वेगळे. ते त्या-त्या लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात. आमच्या चित्रपटाचे गीतकार आणि संगीतकार दोघेही 1970 नंतर गेले. त्यामुळे सभागृहात जाहीर खेळ लावायचा तर त्यांच्या वारसांना विचारलं पाहिजे, असं मी मानते. घरी बसून बघणाऱ्याला मात्र तो प्रश्न येत नाही.

आणि दुसरं कुलूप अजून लागलेलंच होतं. चित्रपट हक्कातून मोकळा झाला तरी त्याची प्रत कुणी हातात आणून द्यावी असा नियम नाही. पुस्तकाचं तसं नाही. 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती देशातल्या ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीची फारशी न खपलेली कादंबरीही कुठेतरी सापडते. चित्रपटासाठी असा कायदा आपण केला नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं, म्हणजे आमचा चित्रपट आणि ते एकाच वर्षाचे. तिथे जे जमलं ते बऱ्याच अंशी संग्रहालयाची पायाभरणी करणारे पी. के. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारोदार फिरून, मागून आणि पटवून जमवलं. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, आणि आज त्याची पहिली आणि शेवटची, अशी दोनच रिळं शिल्लक आहेत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशकात कंपनी काढून राहिलेल्या फाळक्यांची ही गत, तर यात्रेच्या देखाव्याचा एक साधा कौटुंबिक चित्रपट कुणी जपावा असं कुणाला वाटलं असेल?

पण जपला होता. संग्रहालयाला पत्र लिहिलं, त्यात चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक, लांबी आणि जाहिरातीची तारीख दिली. एवढा तपशील दिला की शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. एकाच नावाचे दोन चित्रपट असतात आणि नुसत्या नावाने केलेली चौकशी तिथेच अडते. गोदाघाटावरच्या चित्रीकरणाच्या आठवणी नोंदवायच्या आहेत, हे अभ्यासाचं खरं कारण लिहिलं आणि अर्जात दोघींची नावं घातली. एक प्रिंट होती, तेरा रिळांची. संग्रहालय अशी प्रत अभ्यासासाठी जागेवर बघू देतं, हातात देत नाही आणि कॉपीही करून देत नाही, आणि एकुलत्या प्रिंटच्या बाबतीत ते योग्यच आहे. त्या काळच्या अॅसिटेट फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला की ती आकसायला लागली असं समजायचं, आणि आकसलेली फीत यंत्रावर चढवली तर दातऱ्यांत फाटते. आमची फीत अजून बरी होती.

सकाळच्या एसटीने आम्ही पुण्याला गेलो. आडव्या टेबलासारखं यंत्र, त्यावर फिरणाऱ्या थाळ्या आणि पुस्तकाच्या पानाएवढा पडदा. नवव्या रिळात घाट आला. मावशी पुढे वाकली. तिला ती स्वतः दिसली नाही. गर्दी लांबून घेतलेली होती, चेहरे लागत नव्हते. पण मागे होळकर पूल होता, पायऱ्यांवर पसरलेली लुगडी होती, आणि हार विकणारी एक बाई कॅमेऱ्याकडे बघत उभी होती. "ही आमच्या वाड्यातली," मावशी म्हणाली आणि तिने त्या बाईचं नाव सांगितलं. ऑपरेटरने फीत मागे घेऊन ते दृश्य पुन्हा दाखवलं.

एका म्हातारीच्या इच्छेसाठी एवढा खटाटोप झाला, ही तक्रार म्हणून मी सांगत नाही. यातली एक-एक पायरी आधीच कुणीतरी नोंदवून ठेवायला हवी होती आणि नोंदवणं शक्यही होतं, म्हणून सांगते आहे. प्रत्येक चित्रपट एका दारातून जातो ते सेन्सॉरचं. तिथे अर्जदाराचं नाव, लांबी आणि तारीख लिहिली जाते. दहा वर्षांच्या मुदतीचा निर्मात्यांना जाच होता, आणि 2023 च्या दुरुस्तीने ती मुदत कायद्यातूनही गेली, ते ठीकच झालं. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. त्या मुदतीमुळे मालकाला, मग तो कुणीही असो, ठरावीक काळाने सरकारसमोर येऊन 'आता हा माझा' असं सांगावं लागायचं. आमच्या चित्रपटाच्या बाबतीत 1975 ची ती खूण उरली. आता प्रमाणपत्र कायमचं झाल्यावर अशी खूण पुढे कधीच उमटणार नाही. त्याच कायद्यात एक ओळ घालता येईल: चित्रपटाचे हक्क विकले किंवा वारसाकडे गेले की त्याची नोंद प्रमाणपत्राच्या क्रमांकावर करावी आणि ती कुणालाही बघता यावी. जमिनीचा सातबारा असतो, तसा चित्रपटाचा असावा. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून कुणी तुमच्या शेतात घुसत नाही. बोलायचं कुणाशी, एवढंच त्यातून कळतं.

याच्या जोडीला 52अ ऑनलाइनला लागू करावं. प्लास्टिकच्या चकतीवर मालकाचं नाव-पत्ता छापायला लावणाऱ्या देशात, लाखो लोक बघतात त्या पडद्यावर चित्रपट कुणाच्या परवानगीने चालू आहे हे लिहिण्याची पद्धत नाही. चित्रपटाच्या पानावर दोन ओळी वाढवायला सेवांना फारसा खर्च नाही. उलट अस्सल आणि चोरीची प्रत सामान्य माणसाला एका नजरेत ओळखता येईल.

निर्माते याला विरोध करतील आणि त्यांची भीती पोकळ नाही. नाव जाहीर झालं की खोटे दावेदार उभे राहतात, भावाभावांतली भांडणं चव्हाट्यावर येतात. माझं उत्तर असं की ती भांडणं आजही आहेत आणि त्यांची किंमत चित्रपट मोजतो आहे. नोंदीत 'वादग्रस्त' असा शेरा असला तरी चालेल, शोधणाऱ्याला तेवढंही पुष्कळ आहे. काही दिग्दर्शकांना आपलं जुनं काम लोकांनी बघू नये असं वाटतं. हक्काची मुदत चालू आहे तोवर तो त्यांचा अधिकार मला मान्य आहे. मालक कोण हे सांगणं आणि चित्रपट दाखवायची सक्ती करणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रतीच्या बाबतीत मात्र मी सक्तीच मागते. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. ज्या चित्रपटात लोकांचा पैसा आहे, त्याची एक पूर्ण लांबीची प्रत संग्रहात द्यायची, ही अट अनुदानाच्या कागदावरच असावी. फ्रान्सने 1992 च्या कायद्याने रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रमही जमा करून घ्यायला सुरुवात केली, आणि आज ते तिथल्या अनेक शहरांतल्या ग्रंथालयांत जागेवर बसून बघता येतात. मुदत संपलेले चित्रपट आपल्याकडेही तसेच बघता आले पाहिजेत. नाशकात त्यासाठी नवी इमारत नको. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, गावात 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. एक खोली, दोन पडदे आणि पुण्याशी जोडणारी तार एवढंच लागेल. त्यात बसून आमच्या वयाच्या आणि मावशीच्या वयाच्या माणसांनी आपल्या गावाचे जुने घाट बघावेत.

सरकार हे करेल तेव्हा करेल. मी एक वही घातली आहे, नाशकात चित्रित झालेल्या किंवा इथे लागलेल्या जुन्या मराठी चित्रपटांची. आतापर्यंत त्यात 14 नावं झाली आहेत. प्रत्येकाला एक ओळ, आणि जे कागदावर बघितलं तेवढंच लिहायचं. आमच्या चित्रपटाची ओळ अशी आहे: प्रदर्शन, नोव्हेंबर 1964 च्या आधी किंवा त्याच महिन्यात, जाहिरात 'गावकरी'. लांबी 3,657 मीटर, 1975 च्या प्रमाणपत्रावरून. चित्रपटाचा हक्क 31 डिसेंबर 2024 ला संपला. गीत-संगीताचे हक्क चालू. व्हीसीडी दोन चकत्यांची, दुसरी निकामी, कव्हर जपलं आहे. प्रिंट पुण्याला, तेरा रिळं, बघण्याजोगी. निगेटिव्ह कुणाकडे, हा रकाना अजून रिकामा आहे.